एफवायच्या जेंडर सेशनचं प्रास्ताविक माझ्याकडे आलं तेव्हा

आमच्या कॉलेजात दरवर्षी ऑगस्टमध्ये एफवायच्या मुलामुलींसाठी जेंडर सेन्सिटायझेशनचं सेशन होतं. दोन तासांचा कार्यक्रम, आधी कॉलेजतर्फे कुणीतरी प्रास्ताविक करायचं, मग बाहेरून आलेल्या बाई बोलणार, मग प्रश्न, मग चहा-बिस्किटं. यंदा प्रास्ताविक माझ्याकडे आलं. मी अकाउंट्स शिकवतो, वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि गेल्या वर्षीपासून अंतर्गत तक्रार समितीवर आहे (जिला स्टाफरूममध्ये अजून सगळे विशाखा समितीच म्हणतात). १ ऑगस्टला नोटीस निघाली, त्यात माझ्या नावापुढे "प्रास्ताविक, ८ मिनिटे" असं छापून आलेलं, आणि ते वाचून पोटात गोळाच आला. डेबिट-क्रेडिटवर मी तासभर न थांबता बोलेन, पण अडीचशे नव्या पोरांसमोर हे आठ मिनिटं म्हणजे अवघडच. त्यात मी पुरुष, म्हणजे मुलींना वाटणार हे काय सांगणार आणि मुलांना वाटणार हे आता आपल्याला झापणार.

हे लिहितोय कारण आता बऱ्याच कॉलेजांत असं काम माझ्यासारख्याच्या गळ्यात पडतं, आणि भाषणाचे नमुने शोधायला गेलं तर सगळे एकाच साच्याचे मिळतात. आमच्या फाईलमध्येही मागच्या वर्षांची प्रास्ताविकं होती, ती काढून वाचली. जिजाऊ आणि सावित्रीबाईंना वंदन, मग कलमांची यादी, मग मुलींनो सावध राहा आणि मुलांनो वर्गातल्या मुलींना बहिणी माना. वाईट काहीच नाही त्यात, पण वाचून एकाही मुलीला हे कळलं नसतं की उद्या काही झालं तर मी नेमकं कुठल्या खोलीत जाऊ आणि गेल्यावर पुढे काय होईल. मुलालाही हे कळलं नसतं की आपण रोज जे करतो त्यातलं नेमकं काय बंद करायचं.

७ तारखेला समितीची मीटिंग झाली. आमच्या अध्यक्ष मॅडम आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या युनिटमधून येतात, कारण अध्यक्ष ही वरिष्ठ महिला प्राध्यापक हवी, कॉलेजात किमान असोसिएट प्रोफेसर, आणि आमच्याकडे त्या पदावर सध्या कुणी बाई नाहीत. छोट्या कॉलेजांत ही अडचण असतेच, आणि नियमात तशी बाहेरच्या युनिटमधून नेमायची सोय आहे, त्यामुळे कुणी म्हणालं की "आपल्याकडे बाई सीनियर नाहीत म्हणून समिती पूर्ण होत नाही" तर ते ऐकून घेऊ नका. बाहेरच्या सदस्य एक वकील ताई आहेत, पनवेलहून येतात. मॅडमनी मला यूजीसीचे नियम हातात दिले, २०१५ चे, जे २ मे २०१६ ला राजपत्रात आले, आणि म्हणाल्या, "सर, भाषण लिहायच्या आधी हे एकदा पूर्ण वाचा, बाकी काही वाचू नका." हा सल्ला मीही पुढे देईन. इंग्रजी क्लिष्ट आहे पण लहान आहे, दोन संध्याकाळी पुरतात, आणि २०१३ चा मूळ कायदा नोकरीच्या जागेसाठी लिहिलेला आहे तर हे खास कॉलेज-विद्यापीठांसाठी आहे. विद्यार्थी तक्रारदार असेल, विद्यार्थ्यावरच तक्रार असेल तर काय, सहलीला गेल्यावर घडलं तर काय, हे सगळं त्यात सापडतं.

वाचताना मी एकच करत गेलो, प्रत्येक गोष्टीला विचारायचं की हे सतरा वर्षांच्या पोराला आज दुपारी उपयोगी आहे का. बहुतेक गोष्टी गळून पडल्या. समितीत कोण किती, अपील कुणाकडे, अहवाल कुणाला, हे नंतर लागतं. उरलं ते इतकंच: कुणाकडे जायचं, किती दिवसांत, गेल्यावर काय होतं, आणि आम्ही काय वचन देऊ शकत नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड निघालं. मी पहिल्या मसुद्यात, जसं सगळे लिहितात तसं, "तुम्ही आम्हाला काहीही सांगा, ते आमच्यापाशीच राहील" हे वाक्य घातलं होतं. १२ तारखेला वकील ताईंना फोनवर वाचून दाखवलं तर त्यांनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "सर, ऑफिसातून एफवायच्या जन्मतारखा काढा आधी." काढल्या. आमच्या एफवायला तिसरा हिस्सा तरी मुलं-मुली अजून अठराची नाहीत. म्हणजे त्यांच्यासाठी पॉक्सो लागतो, आणि पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कुणावरही बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी माझ्यावर विश्वास ठेवून बोलली, मी "कुणाला सांगणार नाही" म्हणालो, आणि नंतर कायद्याने मला सांगावं लागलं, तर तिच्या दृष्टीने मी खोटारडा. पुन्हा ती कुणालाच काही सांगणार नाही.

यावर आमच्यात थोडी वादावादी झाली. मॅडमचं म्हणणं, हे सांगितलंत तर मुली येणारच नाहीत, घरी कळेल, पोलीस येतील या भीतीने. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आमच्या भागात पोलीस शब्द आला की पालक आधी कॉलेजच बंद करतात मुलीचं. वकील ताई म्हणाल्या की लपवून ठेवणं त्याहून वाईट. शेवटी मध्यममार्ग ताईंनीच सुचवला आणि तो मला फार आवडला: मुलांना सांगायचं की घटना सांगायच्या आधी, नाव न घेता, नियम विचारून घ्या. "सर, समजा एखाद्या मुलीबरोबर असं झालं तर तुम्ही पुढे कुणाला सांगायला बांधील आहात?" एवढं विचारायला कुणाची हरकत नाही, आणि उत्तर ऐकून पुढे बोलायचं की नाही, कुणासमोर बोलायचं, ते तिनं ठरवावं.

दुसरा प्रश्न उदाहरणाचा. मोठे गुन्हे घेतले की मुलं मागे रेलून बसतात, कारण ते आपलं नाही, ते पेपरातलं. मला असं उदाहरण हवं होतं की अर्ध्या हॉलने ते गेल्या आठवड्यात केलेलं असेल. ते शोधायला लांब जावं लागलं नाही, जिन्याखाली उभं राहिलं तरी ऐकू येतं. एखाद्या मुलाला एखादी मुलगी आवडते, तो तिला काही बोललेला नसतो, पण त्याचे मित्र ती आली की "वहिनी आली रे" करतात. हे घ्यायचं ठरवलं.

आता कागदपत्रं, कारण हे कुणी सांगत नाही. नोटीस, प्रिन्सिपल सरांची मंजुरी, हॉलचं बुकिंग, आणि खर्चाचा अंदाज महिला विकास कक्षाच्या हेडमध्ये. वकील ताईंचं मानधन १,००० आणि प्रवासाचे ३००, फ्लेक्स ६००, चहा-बिस्किटं अडीचशे जणांची साधारण ३,७५०, आणि कागद, पेनं, खोका मिळून ४५० च्या आसपास. सगळं मिळून सहा हजार शंभर. अकाउंटंटने मानधनाच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प मागितला, खरंतर तो पाच हजारांच्या वरच्या पावतीलाच लागतो पण ऑफिसची सवय जात नाही, मी लावून टाकला, एका रुपयासाठी भांडण कशाला. ॲडव्हान्स मिळायला आठवडा गेला, तोवर पेनांचे पैसे खिशातून.

पेनं का, तर प्रश्नांच्या चिठ्ठ्यांसाठी. हे जरा सविस्तर सांगतो. एरवी चिठ्ठ्यांचं असं होतं की दहा-बारा जण लिहितात आणि बाकीचे वळून बघतात कोण लिहितंय. म्हणून सगळ्यांना एकसारखा कागद, एकसारखं निळं पेन, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" असं लिहायचं. म्हणजे लिहिणारा वेगळा दिसत नाही. आणि चिठ्ठ्या आमच्यापैकी कुणी वाचायच्या नाहीत, कारण आम्ही वर्षभर त्यांच्या वह्या तपासतो, अक्षर ओळखतो. वाचणार फक्त वकील ताई, आणि सेशन संपल्यावर त्या स्वतः ऑफिसच्या श्रेडरमध्ये घालणार.

अटेंडन्सवरूनही अडलं. नॅकच्या ७.१.१ च्या फाईलला उपस्थितीच्या सह्या आणि जिओटॅग फोटो लागतात, आणि कोऑर्डिनेटर सरांचं म्हणणं होतं की सह्यांचा कागद सेशन चालू असताना फिरवा, मुलं तेव्हाच बसलेली असतात. म्हणजे एका हाताने गुप्त चिठ्ठी लिहायची आणि दुसऱ्या हाताने त्याच क्रमाने सही करायची. मॅडमनी ठाम नाही सांगितलं. सह्या दारात, आत येताना. फोटो फक्त प्रास्ताविकाचे, मागून. चिठ्ठ्या सुरू झाल्या की सगळ्यांचे मोबाईल खाली, कोऑर्डिनेटर सरांचाही.

सेशन १९ तारखेला होतं. त्या आठवड्यात पाऊस असा कोसळला की सुट्टीच जाहीर झाली, आणि ताईंची पुढची मोकळी तारीख २३, शनिवार. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, चार दिवस मिळाले. घरी बायकोला भाषण ऐकवलं, ती म्हणाली ठीक आहे पण तुम्ही "विद्यार्थिनींनो" म्हणताना आवाज बदलता, प्रवचन सुरू झाल्यासारखा. ते काढलं. मुलीला ऐकवलं, ती इंजिनिअरिंगला आहे, तिने "वहिनी"चं ऐकून नुसतं "हां बाबा, हेच" म्हटलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेली.

२३ ला सव्वाअकराला सुरू झालं. हॉलमध्ये दमट, पंखे आवाज करणारे, मुलं डावीकडे मुली उजवीकडे आपोआप बसलेल्या. हातात कागद होता, त्याच्याकडे फारसं बघितलं नाही. जे बोललो ते जवळपास असं होतं:

"बसा रे. मी बीकॉमवाल्यांना अकाउंट्स शिकवतो, बाकीच्यांनी मला कॅन्टीनमध्ये बघितलं असेल. मला आठ मिनिटं दिलीत. मी तुम्हाला कुणाला बहीण मानायला सांगणार नाही. ती मुलगी तुमची कोण लागते हा प्रश्नच नाही, ती इथे शिकायला आली आहे एवढं पुरे.

एक गोष्ट सांगतो, ती खरी नाही, पण तुम्हाला ओळखीची वाटेल. एका मुलाला वर्गातली एक मुलगी आवडली. आवडू दे, त्यात काहीच वाईट नाही. त्याने मित्रांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात आली की मागच्या बाकावरून 'वहिनी'. कॅन्टीनमध्ये वहिनी. प्रॅक्टिकलच्या ग्रुपवर तिने जर्नलचा फोटो टाकला तर खाली सहा जणांचं 'वहिनी थँक्यू'. तो मुलगा स्वतः एक शब्द बोललेला नाही, तो नुसता हसतो. ती पहिल्या दिवशी हसली, कारण काय करायचं ते कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने ग्रुप सोडला. तिसऱ्या आठवड्यात ती जिना बदलून वर जायला लागली. महिन्याभराने तिने त्या लेक्चरला यायचं बंद केलं. आता मला सांगा, कुणी हात लावला? कुणी घाण शब्द वापरला? नाही. पण एका मुलीचा वर्ग बंद झाला. नको असलेलं वागणं आणि त्यामुळे तिला तिथे बसणं मुश्किल होणं, नियमात हे बसतं. आणि नुसता हसणाराही त्यात येतो, कारण तो 'गप बसा रे' म्हणाला असता तर हे पहिल्याच दिवशी संपलं असतं.

आता ती मुलगी काय करू शकते ते सांगतो. ती समितीच्या कुठल्याही सदस्याकडे येऊ शकते, आमची नावं आणि नंबर लायब्ररीच्या दाराजवळ बोर्डावर आहेत, वेबसाईटवरही आहेत. तक्रार लेखी लागते, पण लिहिता येत नसेल तर लिहायला आम्ही मदत करायची, तो आमचा कामाचा भाग आहे. शेवटचा प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांत द्यायची. उशीर झाला तर कारण लिहून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, म्हणून 'आता वेळ गेली' असं घरी बसून ठरवू नका, येऊन विचारा. तक्रार आली की तिची प्रत सात दिवसांत समोरच्याला जाते. हो, जाते. त्याला कळतं कुणी तक्रार केली. हे मी लपवणार नाही, कारण त्यालाही आपली बाजू मांडायचा हक्क आहे, त्याला उत्तराला दहा दिवस मिळतात. बाकी कुणाला कळता कामा नये, ना नोटीस बोर्डावर, ना स्टाफरूममध्ये. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तिला नको असेल चौकशी, नुसतं थांबायला हवं असेल, तर ती समेट मागू शकते, पण तो तिनं मागायचा, आम्ही तिच्या गळ्यात घालायचा नाही, आणि पैसे देऊन मिटवणं नाही. दोष सिद्ध झाला तर समुपदेशनापासून कॉलेजातून नाव काढण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

आणखी एक. तुमच्यातले बरेच जण अजून अठराचे नाहीत. अठराच्या आतल्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार किंवा छळ झाल्याचं आम्हाला कळलं तर पोलिसांना कळवणं आमच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून मी 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देत नाही, देऊ शकत नाही. पण तुम्ही मला आधी विचारू शकता. नाव घेऊ नका, काय झालं ते सांगू नका, नुसतं विचारा की सर अशा गोष्टीत तुम्ही काय करायला बांधील आहात. मी खरं उत्तर देईन. मग तुम्ही ठरवा.

मुलांनो, हे फक्त मुलींसाठी आहे असं समजू नका. तुमच्यापैकी कुणाच्या चालण्यावरून, आवाजावरून त्याला काही म्हणून हाक मारत असाल, तर तेही यात येतं. कॉलेजने मुलं आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही कारवाई करायची, असं नियमात लिहिलेलं आहे. तुमच्याबरोबर काही झालं असेल तर तुम्हीही या. माझं झालं. आता ताई बोलतील."

"वहिनी" म्हटल्यावर हॉलमध्ये हशा झाला होता, तो मला अपेक्षित होता. डावीकडे दोघांनी एकाच्या पाठीत कोपर मारलं. जिना बदलण्याचं वाक्य आलं तेव्हा तो हशा विरला, आणि त्या पाठीत कोपर खाल्लेल्या मुलाने खाली बघितलं. पॉक्सोचं ऐकून मात्र मुलींच्या बाजूला चुळबुळ झाली, मॅडमची भीती पूर्ण खोटी नव्हती.

ताईंचं भाषण फार छान झालं, ते त्यांनीच कधी लिहावं. मी चिठ्ठ्यांकडे येतो. ताई स्टेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून एकेक उघडत होत्या, काही वाचत होत्या, काही बाजूला ठेवत होत्या. जास्तीत जास्त मुलांनी विचारलं ते अपेक्षेप्रमाणे, खोटी तक्रार केली तर. ताईंनी सांगितलं की जाणूनबुजून खोटी तक्रार केली असं चौकशीत सिद्ध झालं तर तिच्यावर कारवाई होऊ शकते, पण नुसता पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही. यात दोन वाक्यांतला फरक मुलांना पटायला वेळ लागला, दोन-तीनदा उलटसुलट प्रश्न आले, ताई चिडल्या नाहीत. एकाने लिहिलं होतं, इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवणं गुन्हा आहे का. एकदा पाठवणं नाही. तिने नको म्हटल्यावर, ब्लॉक केल्यावर, दुसऱ्या अकाउंटवरून पुन्हा पुन्हा पाठवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग आहे, आणि त्याला कॉलेजची समिती लागत नाही, थेट पोलीस.

कन्फेशन पेजवर चार-पाच चिठ्ठ्या होत्या. आमच्या कॉलेजच्या नावाचं एक पेज आहे, चालवतो कोण कुणालाच माहीत नाही, त्यावर मुलींची नावं, वर्ग, कपडे यावर टाकलेलं असतं. इथे ताईंनी समितीची मर्यादा स्पष्ट सांगितली, अज्ञात माणसाला नोटीस पाठवता येत नाही. स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा कारण पोस्ट उडवली की स्क्रीनशॉट एकटा अपुरा पडतो, आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा, महिला आणि मुलांबद्दलच्या काही तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात. चालवणारा आपल्याच कॉलेजचा निघाला तर मग समितीकडे या.

आणि एसटी. हे मला खरंच माहीत नव्हतं की इतकं असेल. आमच्याकडे निम्म्या मुली लांबून पासवर एसटीने येतात, आणि चिठ्ठ्यांत सगळ्यात जास्त मुलींचा विषय तोच होता, सकाळच्या गाडीची गर्दी. कॉलेजची स्वतःची बस असती तर ती कॉलेजचा भाग धरली जाते, सहल, शिबिर, स्पर्धेचा प्रवासही धरला जातो, पण एसटीतल्या अनोळखी माणसाला आमची समिती काही करू शकत नाही. ११२ ला फोन, कंडक्टरला मोठ्याने सांगणं, आणि पोलीस तक्रार करायची असेल तर कॉलेजने सोबत यायचं, ही मदत मात्र आम्ही करायलाच हवी. ऐकणाऱ्या मुलींचे चेहरे बघून वाटलं, आपण समितीचे नियम इतके पाठ केले आणि ह्यांचा खरा त्रास समितीच्या दाराबाहेरच होता. २५ तारखेला मॅडमनी आगार व्यवस्थापकांना पत्र दिलं, सकाळच्या गाडीला जोड गाडी सोडा म्हणून. उत्तर अजून यायचंय.

बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्या ताईंनी वाचल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या की काही चिठ्ठ्यांत प्रश्न नाहीत, घडलेल्या गोष्टी आहेत, त्या मी सगळ्यांसमोर वाचणार नाही, निनावी चिठ्ठी म्हणजे तक्रार होत नाही, पण ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी मी पाच वाजेपर्यंत लायब्ररीच्या वरच्या खोलीत बसले आहे, आणि त्या खोलीला दोन जिने आहेत. दोन जिन्यांचं त्यांनी आदल्या दिवशी मुद्दाम विचारून घेतलं होतं, खोली निवडतानाच. तुम्ही असं सेशन घेणार असाल तर हे नक्की करा, स्टाफरूमसमोरची खोली देऊ नका. त्या खोलीत पुढे काय झालं ते मला माहीत असलं काय आणि नसलं काय, इथे लिहायचं नाही.

फाईलचं सांगून संपवतो. अहवाल दोन पानांचा केला, नोटीस, सह्या, खर्चाची व्हाउचर्स, प्रास्ताविकाचे दोन फोटो. कोऑर्डिनेटर सरांनी परत पाठवली, प्रश्नोत्तरांचे जिओटॅग फोटो नाहीत म्हणून. मी "गोपनीयतेच्या कारणास्तव छायाचित्रे घेतलेली नाहीत" अशी ओळ टाकून मॅडमची सही घेतली, पुन्हा दिली, गणपतीच्या सुट्टीनंतर ती स्वीकारली गेली. चहावाल्याचं बिल अजून पास व्हायचंय. समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी निवडायचे आहेत, ते नेमायचे नसतात, निवडून यायचे असतात, आणि त्यासाठी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मतदान ठेवलंय. अर्ज ऑफिसच्या खिडकीवर मिळतात. आतापर्यंत सहा आलेत, त्यातले दोन मुलांचे आहेत.